मागून येणारा ठोका

बोलणं हा माझा धंदा आहे. जीपच्या टपावर दोन भोंगे, पायाशी अ‍ॅम्प्लिफायर, मागच्या सीटखाली जादा बॅटरी, डॅशबोर्डला चिमट्याने धरलेला वाकड्या मानेचा माइक आणि त्याच्यासमोर मी. जालन्याहून निघायचं, बदनापूर, भोकरदन, परतूर, जिकडचं काम असेल तिकडच्या खेड्यांत शिरायचं आणि गल्लोगल्ली सांगत फिरायचं. कधी दुकानाचं उद्घाटन, कधी कीर्तन, कधी बैलांचं लसीकरण. ड्रायव्हर मीच, आवाज मीच, चहा पाजणाराही मीच आणि पिणाराही मीच.

दिवसभरात माझा आवाज किती माणसं ऐकत असतील याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. मात्र माझ्याशी किती बोलतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. बायको नातवाला सांभाळायला पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. संध्याकाळी फोनवर नातवाचं रडणं ऐकू येतं आणि त्या रडण्याच्या फटीतून बायको विचारते, "जेवलात का?" मी हो म्हणतो. ती म्हणते, "आवाज कमी करा, तो उठंल." ज्या माणसाला चार गावं ऐकू येईल असं बोलायची सवय आहे, त्याला आपल्याच घरात कुजबुजावं लागतं, आणि फोन ठेवला की कुजबुजायलाही कोणी उरत नाही.

म्हणून गावातलं बोलणं मला लागायचं. मी नुसती जाहिरात सांगत नसे. "आई-बापांनो, रविवारी बदनापूरला मोफत डोळे तपासणी," म्हणता म्हणता समोर दिसेल ते त्यात ओवायचो. "मावशी, तुमच्या शेवयांवर शेळी आली बघा. दादा, बाजेवर झोपलात ते बरं, पण पाय रस्त्यात आलेत." मावशी शेळी हाकलत शिवी द्यायची, दादा पाय आखडून घ्यायचे, पोरं हसायची. कोणीतरी ओट्यावरून ओरडायचं, "तुझेच डोळे तपास आधी." मी लगेच भोंग्यातून, "माझे चांगले हायेत आजोबा, तुमच्या खिशातली तंबाखू दिसून राह्यली मला." अख्खी गल्ली हसायची. त्या हसण्यावर माझा दिवस निघायचा. रात्रही थोडीफार.

आणि मग ठोका सुरू झाला.

गाडी उभी असायची. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की मागच्या बाजूने ठक्क. बोळ संपला, आता मागे यायचं म्हणून रिव्हर्स टाकला की त्याहून मोठा, ठण्ण. जणू कोणी मागे बसलंय आणि मी दिशा बदलली की रागाने हातोडा मारतंय. चालू लागली की गाडी गप्प. पण खेड्यातल्या गल्ल्या काही माझ्या सोयीने बांधलेल्या नाहीत. निम्म्या गल्ल्या कोणाच्या तरी गोठ्यात संपतात. पुढे, मागे, परत पुढे, हेच माझं दिवसाचं काम. आणि तो ठोका माइक उचलायचा. टपावरच्या भोंग्यांतून तो असा निघायचा की झाडावरचे बगळे उडायचे.

शिबिरवाले साहेब एका फेरीला माझ्याबरोबर आले. डोळ्यांच्या दवाखान्यातर्फे खेड्यांतून माणसं गोळा करणं हे त्यांचं काम. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हसण्याचा कंटाळा. भोकरदनच्या बाजूच्या एका गावात मी माझ्या सगळ्यात मऊ आवाजात सांगत होतो, "मोतीबिंदूचं ऑपरेशन आता अगदी सोपं झालंय, म्हाताऱ्या माणसांनी भ्यायचं काही कारण न्हाई, अजिबात दुखत न्हाई..." आणि तेवढ्यात बोळ संपला म्हणून रिव्हर्स टाकला.

ठण्ण.

ओट्यावरच्या म्हातारीने दोन्ही हातांनी डोळे झाकले. शेजारचा माणूस म्हणाला, "झालं का हो एक?" आणि गल्ली अशी हसली की काही विचारू नका. मीही हसलो. साहेब हसले नाहीत. परतताना त्यांनी खिशातून नखाएवढं मेमरी कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं.

"गेल्या वेळी तुमच्याच आवाजात रेकॉर्ड केलं होतं ना, तेच आहे. पुढच्या फेरीला हे लावा. तुम्ही नुसती गाडी चालवा."

"पण साहेब, लोकं बोलतात, विचारतात..."

"विचारायला पोस्टरवर फोन नंबर आहे." मग जरा नरमून म्हणाले, "हा ठोका जर भोंग्यातून येणार नसेल, तर बोला. मला काही हौस नाही. पण शिबिराच्या फेरीआधी बंद झाला पाहिजे."

म्हणजे माझी जागा घ्यायला दुसरा कोणी आला असता तर मी त्याच्याशी दोन हात केले असते. पण इथे मलाच मी हाकलत होतो. त्या कार्डातला मी कधी खोकत नव्हता, चुकत नव्हता, आणि कोणी ओट्यावरून शिवी दिली तर त्याला ऐकूही येत नव्हती. त्या संध्याकाळी घरी ते कार्ड लावून पाहिलं. रिकाम्या घरात माझा आवाज मलाच आई-बापांनो म्हणाला. मी बंद केलं.

पहिला सल्ला भोंगेवाल्याचा. ज्याच्याकडून मी भोंगे-बॅटरी भाड्याने घेतो तो. त्याने मागे वाकून पाहिलं आणि जाहीर केलं, "तुमची बॅटरी उड्या मारून राह्यली." बॅटरी, पेटी, वायरींचं भेंडोळं, सगळं त्याने दोरीने असं आवळलं की पुढे पाना काढायलाही दोरी कापावी लागली. मग म्हणाला, "घ्या रिव्हर्स." ठण्ण. तो म्हणाला, "मंग गाडीचंच हाये. माझं न्हाई." आपलं नसल्याचं समाधान घेऊन तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रीकडे. जुन्या जालन्यातलं एक पत्र्याचं शेड, पुढे कडुनिंब, मागे भिंतीपलीकडे मशीद. मिस्त्री माझ्याच वयाचा, अंगाने गोल, बोलायला माझ्याहून एक घर पुढे. आम्ही दोघं भेटलो की ऐकणारा कोणीच नसतो, एवढीच अडचण.

"मामू, तुमारी गाडी नुक्कडावर होती तेव्हाच मला कळलं," तो म्हणाला. "कान हाये का काय हाये हा." स्वतःचा कान त्याने धरून दाखवला. "मागला क्रॉस गेलाय. लिहून देतो."

"खाली न बघताच?"

"बघतो ना. तुमच्या समाधानासाठी."

त्याने चाकांना पुढून-मागून दगड लावले, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, आणि पाठीवर सरकत खाली गेला. जीपमध्ये इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. मधे तो जोर नेणारा लांब शाफ्ट. गाडी खड्ड्यात वर-खाली झाली तरी शाफ्टला वळता यावं म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, अधिकच्या चिन्हासारखे. त्यालाच क्रॉस म्हणतात. मिस्त्रीने मला वाकायला लावलं. एका हाताने शाफ्ट धरून त्याने डावी-उजवीकडे पिळला. शाफ्ट हलत होता आणि सांध्यापलीकडचा भाग तसाच उभा. मधे बोटाने जाणवेल एवढी ढील. चक्, चक्.

"ऐका. पुढं जाताना ढील एका बाजूला भरती. मागं जाताना दुसऱ्या बाजूला. भरताना ठोका. चालू लागली की ढील भरलेली, मंग चूप. हाय का न्हाई?"

हाय होतं. मला तर फार पटलं. कारण रोग कळला म्हणजे औषध आलं, औषध आलं म्हणजे मी परत भोंग्यात.

शाफ्ट काढण्याआधी त्याने छिन्नीने शाफ्टवर आणि तो ज्या पट्टीला जोडलेला होता तिच्यावर खुणा केल्या. "जसा निघाला तसाच बसला पाहिजे," तो म्हणाला, "न्हाईतर गाडी लई थरथरती." बोल्ट निघाले. क्रॉसची लॉकं पक्कडीने काढली, वाइसच्या जबड्यात दाबून टोकांच्या वाट्या बाहेर आल्या. प्रत्येक वाटीत बारीक सुयांची रांग असते, ग्रीसमध्ये बसलेली. माझ्या वाटीत ग्रीस नव्हतं. सुयाही धड नव्हत्या. तांबूस भुकटी होती. मिस्त्रीने ती तळहातावर घेऊन माझ्या नाकाखाली धरली.

"हे बघा. मिरची पावडर."

"किती दिवस असं चाललं असंल?"

"तुम्ही बोलत होते तवापासून. तुम्ही कधी ऐकताय का?"

नवा क्रॉस बसला, ग्रीस भरलं, सांधा बोटाने सगळीकडे मोकळा फिरतोय हे त्याने पाहिलं, खुणेला खूण जुळवली, बोल्ट आवळले. पुढचाही क्रॉस पिळून पाहिला. तो चांगला होता. मग मिस्त्रीने हात पुसले आणि नाटकातल्या राजासारखा मागे सरकून उभा राहिला. "बसा. लावा रिव्हर्स. भोंगापण लावा. दुनियेला ऐकू द्या."

मी माइक चालू केला. तेवढ्यासाठी मला दोनदा सांगावं लागत नाही. "आई-बापांनो," मी अख्ख्या आळीला म्हणालो, "जालन्याच्या सगळ्यात मोठ्या मिस्त्रीनं आज..." आणि रिव्हर्स टाकला.

ठण्ण.

मागे उभा मिस्त्री दचकलाच. थोडा लहान झाला होता ठोका, पण होता. आणि मागूनच होता. त्याने मला पुढे-मागे, पुढे-मागे करायला लावलं. दर वेळी तो मागच्या चाकापाशी कान लावून. दर वेळी ठण्ण. मी भोंग्यातून "माफ करा" म्हणायचो, तो खालून "चूप बसा" म्हणायचा.

मग दुपारपर्यंत तो मागच्या भागाच्या मागे लागला. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट आवळले. शॉकअ‍ॅब्सॉर्बरची रबरं पाहिली. जॅकवर घेऊन चाकं हलवली. सगळं बराबर. शेवटी मागच्या धुरीच्या मधल्या गोल पोटाकडे बघत त्याने तोंड वाकडं केलं.

"हाऊसिंग उघडावं लागंल, मामू. आतले दात."

"किती दिवस?"

"उघडल्यावर सांगतो. सामान मिळालं तर मिळालं. एखादा हप्ता धरा."

शिबिराची फेरी परवापासून होती. म्हणजे गाडी मिस्त्रीकडे, कार्ड दुसऱ्या कोणाच्या जीपमध्ये, आणि मी घरी.   मिस्त्रीने मला कडुनिंबाखाली बसवलं आणि चहा मागवला. समोर माझी जीप, पोट उघडायची वाट बघत. त्या अंगणात दोन बोलके होते आणि दोघंही चहाकडे बघत होते.

"भाभी कधी येणार?" त्याने विचारलं.

"नातू मोठा झाला की."

"आमची बी नाती आली की घर भरतं. गेली की..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि बशी पुसली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून दुपारची अजान सुरू झाली. आमच्या धंद्याचा एक रिवाज आहे. अजान असो, देवळातली आरती असो, बुद्धविहारातली वंदना असो, आपला माइक बंद. कोणी शिकवलं नाही, सगळेच पाळतात. माझा माइक सकाळपासून तसाच चालू होता. मी उठून जीपमध्ये हात घातला आणि बंद केला. अजान संपली. मिस्त्री नमाजला निघाला, जाता जाता म्हणाला, "टेम्पो यायचाय, गाडी जरा सावलीतून मागं घ्या."

मी बसलो. रिव्हर्स टाकला. क्लच सोडला.

ठोका माझ्या पायाखाली झाला.

मागे नाही. पायाखाली. टाचांना कळला तो. मी तसाच थांबलो. पहिला गिअर टाकला, जरा पुढे गेलो: जवळजवळ काहीच नाही. रिव्हर्स: पायाखाली दणका. आणि मागून, जिथून इतके दिवस तो येत होता तिथून, काहीसुद्धा नाही.

गावातल्या गल्लीत मी माइक बंद ठेवून कधी रिव्हर्स घेतलाच नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. घरी परतताना बंद असायचा, पण तेव्हा मागच्या क्रॉसचा मोठा ठोका या ठोक्याला गिळून टाकायचा. आता क्रॉस नवा होता.

मिस्त्री नमाजहून आला तेव्हा मी दारातच उभा. "मिस्त्री, मागं जाऊन उभे ऱ्हावा. बोलू नका." माइक बंद ठेवून रिव्हर्स घेतला. तो मागून ओरडला, "झाला बंद. काय केलं?" मग मी माइक चालू केला आणि परत रिव्हर्स घेतला. ठण्ण. तो टपाकडे बघायला लागला. माझे दोन्ही भोंगे मागे तोंड करून बसवलेले आहेत, पुढून बोलून गेलं की मागे राहिलेल्यांना ऐकू यावं म्हणून. ठोका होत होता पुढे, माझ्या पायाखाली. लोखंडातून डॅशबोर्डला, डॅशबोर्डातून माइकला, आणि टपावरून मागच्या माणसाच्या कानात. इतके दिवस जो माणूस मागे उभा राहून ऐकायचा तो मागेच बोट दाखवायचा. आधी भोंगेवाला, मग मिस्त्री.

 मिस्त्रीने आपला कान धरला, तोच सकाळचा, आणि त्याला एक चापट मारली. "धोका दिला यानं मला. अर्धा दिवस भोंग्याची दुरुस्ती केली मी." मग तो हसायला लागला ते पोट धरून. मीही. टेम्पोवाला आला तो आम्हाला बघून परत बाहेर जाऊन उभा राहिला.

पुढचं झटक्यात झालं. मी ब्रेक दाबून धरला, मिस्त्री बाजूने वाकून गिअरबॉक्सकडे बघत म्हणाला, "रिव्हर्स, हळू, नुसता जोर द्या, गाडी हलू देऊ नका." मी क्लच थोडा सोडला. तो म्हणाला, "उठला." मी परत दाबला. "बसला. ठोकून." गिअरबॉक्स ज्या रबरावर बसतो, त्याला फाउंडेशन म्हणतात, ते रबर त्याच्या पत्र्यापासून सुटून आलं होतं. रिव्हर्सचा जोर आला की गिअरबॉक्स वर उठायचा आणि खालच्या आडव्या पट्टीवर आपटायचा. इंजिनच्या एका बाजूच्या फाउंडेशनचा बोल्टही ढिला निघाला. गिअरबॉक्सखाली लाकूड ठेवून जॅकचा टेकू दिला, फाटकं रबर काढलं, नवं बसवलं, सगळे नट आवळले. फाटलेलं रबर त्याने मला दिलं. मी म्हणालो, याचं काय करू. तो म्हणाला, "ठेवा. तुमच्याहून जास्त हेच बोललं इतके दिवस."

संध्याकाळी साहेबांच्या दवाखान्यापुढे मी माइक चालू ठेवून जीप पुढे-मागे केली. काही नाही. नुसतं इंजिन. साहेब थोडा वेळ कान देऊन उभे राहिले. त्यांनी कार्ड परत मागितलं. "ठीक आहे. बोला मग." एवढंच. मी त्यांना मिठी मारली असती, पण त्यांच्या खिशाला पेन होतं.

फेरीच्या दिवशी पहिलं गाव बदनापूरच्या पलीकडचं. मी सकाळपासून घसा शेकत होतो, काय काय ओवायचं ते ठरवत होतो. गावात शिरलो आणि आवाज सोडला. असा मोकळा, असा स्वच्छ आवाज त्या भोंग्यांतून बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

गावात कोणी नव्हतं. कापसाची वेचणी चालू होती, सगळे रानात. दारांना कड्या. एका ओट्यावर कुत्रं झोपलेलं, ते उठलंही नाही. मी पुढे गेलो. बोळ संपला. रिव्हर्स घेतला, आवाज नाही. दुसरा बोळ. मी म्हणालो, "मावशी, शेवया..." आणि थांबलो, शेवया नव्हत्या, मावशीही नव्हती. तरी मी बोलत राहिलो. ऑपरेशन दुखत नाही, येण्या-जाण्याची सोय आहे, दुपारचं जेवण आहे. माझंच बोलणं समोरच्या भिंतीवरून परत येत होतं. तेव्हा वाटलं, या बोळात कार्ड वाजलं असतं तर काय वेगळं झालं असतं.

शेवटच्या घरापुढे एक म्हातारी बसली होती. भिंतीला टेकून, पाय लांब केलेले, तोंड माझ्याकडे पण नजर जरा बाजूला. मी गाडी थांबवली. भोंग्यातूनच म्हणालो, "आजी, रविवारी डोळे दाखवायला या."

ती म्हणाली, "कार्ड हाय का माणूस?"

मी माइक बंद केला. "माणूस हाये, आजी."

"मागल्या महिन्यात एक आल्ता. मी लई इचारलं त्याला, गाडी कुठून सुटती, कुठं उभं ऱ्हायाचं. तो आपला बोलूनच राह्यला. मंग पोरीनं सांगितलं, आजी, ते कार्ड हाये." ती जरा हसली. "मी येडी, त्याच्याशी भांडत बसले."

"मी सांगतो ना. गाडी शाळेपुढून सुटती. सकाळी."

"शाळा कोणत्या अंगाला, ते मला ठावं हाय. पण तिथवर कोण नेणार? सगळे वेचायला."

मी जीपमधून उतरलो. ओट्यावर तिच्या शेजारी जागा होती. फेरीत अजून बरीच गावं राहिली होती आणि साहेबांनी वेळ वाटून दिली होती.

"इथूनच नेतो," मी म्हणालो. "रविवारी. दारात येतो."

"दारात आला हे मला कसं कळणार?"

"हाक मारीन."

"भोंग्यातून न्हाई," ती म्हणाली. "कान चांगले हायेत माझे. हळू मार." मग तिने हाताने चाचपून बाजूचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "घरी कोण कोण असतं तुझ्या?"

मी पाणी प्यायलो. मग सांगत बसलो, हळू आवाजात.